डिफ्यूझरचा वास वीस मिनिटांत जातो कुठे? आणखी थेंब टाकावेत का?

सायली_कोथरूड
नमस्कार मंडळी. बेडरूममध्ये पाण्यावर चालणारा साधा डिफ्यूझर लावते, तो खालून थरथरून पांढरं धुकं सोडणारा. खोली दहा बाय बारा, टाकी शंभर मिलीची, एकदा भरली की चारेक तास चालते. त्यात लव्हेंडरच्या तेलाचे पाच थेंब टाकते. सुरुवातीला छान दरवळ येतो, पण वीस मिनिटं झाली की काहीच जाणवत नाही. मग आणखी पाच टाकते, आणि थोड्या वेळाने पुन्हा पाच.

परवा असंच चालू होतं. तासाभराने नणंद बाहेरून आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "वहिनी, केवढा उग्र वास आहे! आधी खिडकी उघड." मी त्याच खोलीत बसले होते आणि मला वास असा येतच नव्हता. त्या संध्याकाळी सासूबाईंचा घसाही खवखवत होता, त्याचा याच्याशी संबंध आहे का ते माहीत नाही. दुकानदाराचं म्हणणं, "मोठी खोली आहे, दहा-बारा थेंब टाकायला हवेत." तेल खरंच इतक्या लवकर उडून जातं का? आणि जात असेल, तर नणंदेला काय आलं?

पेठकर
तेल भेसळीचं आहे, दुसरं काही नाही. हल्ली लव्हेंडर म्हणून जे विकतात त्यात निम्मं काहीतरी पातळ मिसळलेलं असतं, ते भुर्रकन उडतं. आमच्या घरी रविवार पेठेतून आणलेलं खसाचं अत्तर असतं. कापसाचा फाया कपाटात ठेवला की आठ-आठ दिवस कपड्यांना वास राहतो. चांगलं तेल घ्या, प्रश्न मिटला.

अभियंता७२
नाकात वासाच्या जागा ठरलेल्या असतात. वासाचे कण तिथे जाऊन बसले की जागा भरतात आणि नवीन कणांना जागा उरत नाही, म्हणून वास येणं बंद होतं. थोडं बाहेर जाऊन आलं की जागा रिकाम्या होतात. कॉफीच्या बिया हुंगल्या तर लगेच होतात, म्हणून तर अत्तराच्या दुकानात बिया ठेवतात.

गंधाली
सायली, तुझ्या शेवटच्या दोन ओळींतच उत्तर आहे. एकाच खोलीत, एकाच मिनिटाला, तुला वास शून्य आणि नणंदेला उग्र. हवा दोघींना एकच होती, म्हणजे बदललं ते तुझं नाक.

मी साबण आणि रूम फ्रेशनरच्या सुगंधांचं मूल्यांकन करण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे हा प्रकार आम्हाला रोजचाच आहे. आधी तुझ्या खोलीचा हिशेब मांडते, कारण त्यातून बरंच कळतं.

टाकी चार तासांत संपते. म्हणजे वीस मिनिटांत तिचा बारावा हिस्सा बाहेर पडला. तेल पाण्यात सारखं मिसळलंय असं धरलं, तर पाच थेंबांपैकी अर्धा थेंबसुद्धा अजून हवेत गेलेला नाही. साडेचारपेक्षा जास्त थेंब टाकीतच आहेत. तुला "वास गेला" असं वाटतं त्या क्षणी डिफ्यूझर आहे त्याच गतीने तेल सोडतोय, आणि दार-खिडक्या बंद असलेल्या खोलीत ते साठत चाललंय. सुरुवातीच्या पाच मिनिटांत, तुला सगळ्यात छान वास आला तेव्हा, हवेत जेवढं तेल होतं त्यापेक्षा विसाव्या मिनिटाला जास्त आहे.

आता तू पाच थेंब वाढवलेस. टाकीत साडेनऊ झाले, म्हणजे दर मिनिटाला बाहेर पडणारं तेल दुप्पट झालं. चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा पाच, म्हणजे सुरुवातीच्या तिपटीहून थोडं जास्त. नणंद तासाने आली तोपर्यंत हवेत अडीच थेंबांहून थोडं जास्त तेल गेलेलं होतं. विसाव्या मिनिटाच्या मानाने हे सहापट झालं. फटींतून थोडं बाहेर गेलं असेल, तरी गुणोत्तर फारसं बदलत नाही. तू थेंब वाढवले नसतेस, तर तासाच्या शेवटी तिप्पट असतं. तिला "उग्र" वाटलं यात नवल नाही.

सायली_कोथरूड
बापरे. अर्धा थेंबही नाही? मी तर समजत होते की सगळं उडून गेलंय. पण मग नाक असं का करतं? सर्दी नाही, काही नाही.

गंधाली
काही बिघडलेलं नाही, निरोगी नाक असंच वागतं. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या अगदी वर, छतापाशी असतात. माणसाकडे अशा वासग्राहकांचे साधारण चारशे प्रकार आहेत. त्यांची जनुकं 1991 मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी शोधली आणि 2004 चं नोबेल त्यांना मिळालं.

अभियंतादादा, तुमची अर्धी गोष्ट बरोबर आहे. बाहेर जाऊन आलं की वास पुन्हा येतो हे खरं. पण जागा भरून जातात म्हणून तो थांबतो, असं नाही. तसं असतं तर हलक्या वासाला आपण सरावलोच नसतो, कारण हलक्या वासात बहुतेक जागा रिकाम्याच राहतात. घडतं ते असं: वासाचा रेणू चिकटला की पेशीतली दारं उघडतात आणि आत कॅल्शियम शिरतं. तेच कॅल्शियम मग त्या दारांची संवेदनशीलता कमी करतं. पेशी स्वतःचाच आवाज खाली आणते. त्याच्यावर मेंदूचा भाग येतो. सतत सारखा येणारा वास मेंदू बाजूला सारतो, म्हणजे नवीन काही आलं तर ते लगेच लक्षात यावं.

कॉफीच्या बियांबद्दल मला सहकाऱ्यांशी फार वाद घालावे लागले आहेत. साध्या हवेपेक्षा बियांनी नाक लवकर मोकळं होतं, असं चाचणीत दिसलेलं नाही. आम्ही कामावर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेतो किंवा सरळ बाहेर जाऊन उभे राहतो.

निशिगंध_यार्ड
गंधालीताई म्हणतात ते मी रोज अनुभवतो. मार्केट यार्डात फुलांचा गाळा आहे. पहाटे गाळा उघडला की निशिगंध आणि मोगऱ्याचा वास अंगावर येतो. चहा पिऊन होईपर्यंत तो माझ्यासाठी संपलेला असतो. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "काय घमघमाट आहे!" आणि मला काहीच नाही. पण त्याच वेळी एखाद्या करंडीत खालची फुलं कुजायला लागली, तर तो वास मला गाळ्याच्या दुसऱ्या टोकावरून येतो. म्हणजे नाक बंद पडलेलं नसतं. फक्त निशिगंधापुरतं बसलेलं असतं.

गंधाली
अगदी नेमकं. सायली, घरी हेच करून बघ. लव्हेंडर जाणवेनासं झालं की त्याच जागी बसून लिंबाची साल नखाने खरवड. लिंबाचा वास लख्ख आला आणि लव्हेंडर नाही, तर सराव झालाय असं समज. दोन्ही मिळमिळीत वाटले, तर सर्दी किंवा दुसरं काही कारण शोधावं लागेल. एकमेकांसारखे वास मात्र थोडेफार एकमेकांना झाकतात, म्हणून पडताळ्याला लव्हेंडरचाच साबण घेऊ नकोस.

सुमेधाकाकू
मला कोविडनंतर वासच येत नाही गं. वरणाला फोडणी जळली तरी कळत नाही, उदबत्तीचा नाही, साबणाचा नाही. मीही डिफ्यूझर आणलाय, त्यात निलगिरी घालते. वीस थेंब घातले तरी वास नाही, फक्त डोळे चुरचुरतात. म्हणजे हे पण नाकाने सवय लावून घेणंच का?

गंधाली
काकू, तुमचं वेगळं आहे. सायलीला फक्त एकच वास, तोही खोलीत बसल्यावर येईनासा होतो. तुम्हाला सगळेच वास, सगळीकडे येत नाहीत. हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं, आणि रोज ठरावीक वास जाणीवपूर्वक हुंगण्याचा एक सरावही ते सांगतात. त्यात डबी नाकाजवळ नेऊन थोडा वेळ हुंगायची असते, खोली भरायची नसते.

आणि वीस थेंब निलगिरी आजपासून बंद करा. डोळे चुरचुरतात ही खूण महत्त्वाची आहे. निलगिरी, कापूर, पुदिना यांचा झणझणीतपणा, गारवा, चुरचुर ही वासाच्या मज्जातंतूवरून जात नाही. चेहऱ्याच्या संवेदनेची वेगळी मज्जातंतू आहे, जिच्यामुळे कांदा चिरताना डोळे झोंबतात, तिच्यावरून जाते. वास कळत नसला तरी ती जागी असते. म्हणून तेल किती झालं हे तुम्हाला नाकापेक्षा डोळे आधी सांगत आहेत.

सायली, सासूबाईंच्या घशाचा याच्याशी संबंध होता की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. पण वास जाणवेनासा झाला तरी खवखव होऊ शकते, आणि थेंब वाढवले की ती वाढू शकते.

श्वास
दम्याचा रुग्ण म्हणून लिहितो. आमच्या सोसायटीत एका घरी गेलो की पाच मिनिटांत छाती घट्ट होते. त्यांना सांगितलं की ते म्हणतात, "अहो, आज तर काही लावलेलंच नाही, वासच नाही बघा." खरं तर लावलेलं असतं आणि त्यांना ते जाणवत नाही. ते खोटं बोलत नाहीत हे हा धागा वाचून आज कळलं. पण इनहेलर मला काढावा लागतो. पाहुणे येणार असतील तर आधी अर्धा तास बंद करून खिडक्या उघडा, एवढी सगळ्यांना विनंती.

पेठकर
हे सगळं ठीक, पण तेलाचा काहीच वाटा नाही हे मला पटत नाही. आमच्याकडे मातीचा दिवा आहे, वर वाटी आणि खाली मेणबत्ती. त्यात संत्र्याचं तेल घातलं की अर्ध्या तासात खरोखर संपतं. बाहेरून आलेल्या माणसालाही वास येत नाही. तेच खसाचं घातलं तर रात्रभर टिकतं. मग हे काय?

गंधाली
पेठकर, तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि तुमची कसोटीही. बाहेरून आलेल्यालाही वास आला नाही, म्हणजे वास खरोखर गेला. संत्रं, लिंबू यांच्या तेलात बहुतेक लिमोनीन असतं, ते गरम वाटीतून चटकन उडून जातं. खस, चंदन, पचौली यांचे रेणू जड, ते सावकाश निघतात. लव्हेंडर यांच्या मध्ये कुठेतरी. मातीच्या दिव्यात म्हणून वासाचा रंगही बदलत जातो: आधी लवकर उडणारा ताजा भाग, मग सावकाश निघणारा जड भाग.

पण सायलीच्या यंत्रात वाटी तापत नाही. तिथे तेलाचे तुषार पाण्याबरोबर ढकलले जातात, टाकीत पाणी आणि तेल असेपर्यंत. भेसळीचं तेल असलं तर वासाचा दर्जा बिघडेल. पण भेसळीने एकाच वेळी एकीला शून्य आणि दुसरीला उग्र असं होत नाही.

अभियंता७२
जागांबद्दलचा खुलासा पटला. पण तुमच्या हिशेबात एक गोष्ट टोचते. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. तुम्ही "सारखं मिसळलंय" धरलं. प्रत्यक्षात सुरुवातीलाच जास्त बाहेर पडत असेल, किंवा टाकीच्या कडांना चिकटून शेवटपर्यंत राहत असेल. मग अर्धा थेंब हा आकडा डळमळीत होतो.

गंधाली
मान्य. यंत्राच्या तळाची थरथरणारी चकती पाणी घुसळते, त्यामुळे तेलाचे बारीक गोळे खाली-वर होतात, पण एकसारखे नाहीत. प्रत्येक यंत्राची घडण वेगळी, टाकीचा आकार वेगळा. सुरुवातीला थोडं जास्त पडत असेल ही शक्यता मी नाकारत नाही. तसं असेल तर नंतर यंत्र खरोखरच कमी सोडेल आणि सायलीच्या अनुभवात थोडा वाटा त्याचाही असेल. किती, ते तिच्या यंत्रावर मोजल्याशिवाय कळणार नाही. पण आधी जास्त पडलं, तर ते खोलीतच पडलं ना? बंद खोलीतली हवा वीस मिनिटांत स्वच्छ होत नाही. आणि नणंदेचा अनुभव आहेच.

मैत्रेयी_औंध
माझी शंका जरा वेगळी. मी रोज ऑफिसातून आल्यावर गवती चहाचं तेल लावते, गेले काही महिने. आता लावल्या क्षणापासूनच फार वास येत नाही. पहिल्या पाच मिनिटांतसुद्धा नाही. खाली जाऊन चक्कर मारून आले तरी नाही. थेंब न वाढवता काय करू?

गंधाली
हा लांब मुदतीचा सराव. काही मिनिटांचा सराव मोकळ्या हवेत काही मिनिटांत उतरतो. रोज त्याच वासात आठवडेच्या आठवडे राहिलं, तर तो उतरायला दिवस, कधी आठवडे लागतात. पामेला डाल्टन आणि चार्ल्स विसोकी यांनी लोकांच्या घरीच दोन आठवडे एक वास ठेवून 1996 मध्ये हे दाखवलं. वास काढून घेतल्यावरही त्यांची त्या वासापुरती संवेदना बराच काळ मंद राहिली.

तुझ्यासाठी उपाय एकच: गवती चहा काही आठवडे पूर्ण बंद. हवं तर दुसरं, वेगळ्या कुळातलं तेल अधूनमधून लाव. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही आणि गावाहून परतल्यावर दार उघडताच येतो, तो हाच प्रकार.

सायली_कोथरूड
मग नेमकं करायचं काय? दुकानदाराचे दहा-बारा थेंब नको हे कळलं. पण पाच तरी बरोबर आहेत का? आणि मला वास आलाच नाही तर लावायचा कशाला?

गंधाली
शंभर मिलीला तीन ते पाच थेंब, दहा बाय बाराच्या खोलीला पुरे. तुझ्या जागी मी तीनने सुरू करेन, कारण घरात घशाची तक्रार आहे. थेंबाचा आकारही बाटलीच्या तोटीवर आणि तेलाच्या दाटपणावर बदलतो. पातळ तेलाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिली, एवढं धरून चाल.

मुख्य गोष्ट वेळेची. सलग चार तास चालवू नकोस. वीस-तीस मिनिटं चालू, मग तासभर बंद, दार किंचित उघडं. नाकाला बदल कळतो, सारखेपणा कळत नाही. बंद काळात हवेतलं तेल उतरतं आणि तुझं नाकही सावरतं, मग पुन्हा चालू केल्यावर त्याच तीन थेंबांचा वास येतो. टाकीत तेल उरलेलंच असतं, नवीन घालायचं नाही. तुझ्या यंत्राला थांबून-थांबून चालायचं बटण असेल तर ते वापर. पण तो बंद काळ अर्ध्या मिनिटाचा असेल तर उपयोग नाही, तेवढ्यात नाक सावरत नाही.

प्रमाण बरोबर आहे का हे ठरवायचं असेल तर स्वतःला विचारू नकोस. आमच्याकडे सुगंध बंद बूथमध्ये सोडतात. आम्ही बाहेरून येतो, दार उघडून पहिला श्वास घेतो, आकडा लिहितो आणि निघतो. आत रेंगाळून दिलेला आकडा धरत नाहीत. तूही तसंच कर. अर्धा तास बाहेर असलेल्या कुणाला तरी दारात उभं कर आणि पहिल्या दोन श्वासांत विचार. "आहे, पण हलका" हे उत्तर हवं. दारातून पाऊल टाकण्याआधीच कळलं तर जास्त झालं.

दुप्पट थेंब म्हणजे दुप्पट वास असंही नसतं. तेल दुप्पट झालं तरी वास त्यापेक्षा बराच कमी वाढलेला वाटतो. म्हणून सरावलेल्या नाकाला थोडासा फरक जाणवावा म्हणून पुष्कळ तेल ओतावं लागतं, आणि तो फरकही काही मिनिटांत पुन्हा जातो. हवेत मात्र ते सगळं राहतं.

निशिगंध_यार्ड
एक विचारायचं राहिलं. गॅसच्या वासाचंही असंच होतं का? आमच्या शेजारच्या घरात गळती होती. त्या बाई म्हणाल्या, "मघाशी वास आला होता, आता गेला, म्हणून काही केलं नाही."

गंधाली
होय, आणि हे फार धोक्याचं आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. त्यालाही नाक सरावतं. एकदा वास आला की "गेला" म्हणून सोडायचं नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणांना हात नाही, बाहेर येऊन 1906 ला फोन. ही एलपीजी गळतीसाठीची आपत्कालीन सेवा आहे. पाइपचा गॅस असेल तर बिलावरचा आपत्कालीन क्रमांक आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

मैत्रेयी_औंध
आमच्याकडे मांजर आहे. थांबून-थांबून लावलं तर चालेल का?

गंधाली
मांजराचं यकृत ही तेलं माणसासारखी निकामी करू शकत नाही, आणि अंगावर बसलेलं तेल ते चाटून पोटात घेतं. टी ट्रीचं तेल तर घरात नकोच. बाकीच्यांबद्दल मी ठाम बोलणार नाही, पशुवैद्यांना विचार. तोपर्यंत मांजर असलेल्या खोलीत लावू नकोस, आणि तिला बाहेर जायला दार उघडं ठेव. दोन-तीन वर्षांच्या आतलं मूल असलेल्या घरी निलगिरी, पुदिना, कापूर नको, हेही सांगून ठेवते.

पेठकर
आमच्या देवघरात सकाळ-संध्याकाळ भीमसेनी कापूर असतो. आता वाटतंय की तोही आम्हाला जाणवत नाही, एवढंच. सुनेला डोकेदुखी असते, ती कधी बोलली नाही. उद्या विचारतो.

सायली_कोथरूड
आज तीन थेंब टाकले, पंचवीस मिनिटं चालवून बंद केला. लिंबाची सालही खरवडून पाहिली. लिंबू स्पष्ट आलं, लव्हेंडर नाही. नणंद रविवारी येतेय, तिला दारात उभं करून विचारते. सासूबाईंची खोली मात्र बंदच ठेवली आहे. घशाचं काय होतं ते आठवडाभराने लिहिते.